सतरा हजेऱ्या

पुस्तकं लिहायला लागण्याआधी चार वर्षं मी रायटर होतो. हे ऐकून कुणी कौतुकाने मान डोलावू नये. बेंगळूरच्या बांधकामांवर मजुरांची हजेरी लिहिणाऱ्याला रायटर म्हणतात. बी.कॉम.ची दोन वर्षं कशीबशी ढकलून मी निपाणीहून आलो होतो, आणि आमच्याच भागातल्या एका मेस्त्रीने मला हाताखाली घेतलं. मेस्त्री म्हणजे कंपनीला रोजंदारीवर माणसं पुरवणारा ठेकेदार. त्याची बत्तीस माणसं, एक मस्टर आणि एक मी.

साइट इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे होती. चौदा मजल्यांच्या तीन इमारती उठत होत्या. माझी जागा गेटाशेजारच्या पत्र्याच्या खोक्यात. समोर चेहरा ओळखणारं मशीन. माणूस आत आला की चेहरा दाखवायचा, बाहेर पडला की दाखवायचा. मशीन कंपनीच्या टाइम ऑफिसला वेळ कळवायचं आणि मी मेस्त्रीच्या मस्टरमध्ये एक, अर्धा किंवा शून्य लिहायचो. महिनाभर मी हे तीनच आकडे लिहीत असे. एवढ्या कमी भांडवलावर इतकी वर्षं लेखन करणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

नियम सोपा होता. साडेआठला काम सुरू. साडेपाचपर्यंत थांबला तर पूर्ण हजेरी, साडेबारानंतर कधीही बाहेर पडला तर अर्धी, त्याआधी पडला तर शून्य. आता बेंगळूरचा सप्टेंबरमधला पाऊस दुपारी तीन-साडेतीनलाच हजर होतो. क्रेन थांबते, सेफ्टीवाला शिट्टी फुंकून सगळ्यांना गेटाबाहेर काढतो. म्हणजे सहा-साडेसहा तास विटा वाहिलेल्या बाईला अर्धा दिवस. ढग मात्र पूर्ण हजेरी लावून जायचे.

सकाळीच पाऊस आला तर गोष्ट वेगळी. त्यासाठी एक रीत होती. इंजिनिअर एका कागदावर लिहून सही करायचा, की अमुक वाजता पावसामुळे काम बंद केलं. याला सगळे पावसाची चिठ्ठी म्हणायचे. ती मस्टरला टाचली की साडेबाराच्या आत बाहेर काढलेल्यांनाही अर्धी हजेरी मिळायची. हा कुठला लिखित नियम नव्हता, इंजिनिअरची मर्जी होती. माणूस मंड्याचा होता, वाईट नव्हता. “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी”, जरा सांभाळून घ्या, म्हणत सही करायचा. अर्थात दर वेळी नाही. दहाच्या आत पाऊस आला तर तो चिठ्ठी देत नसे, कारण तेवढ्यात काम काय झालं, असं त्याचं म्हणणं.

आणि माल नसेल तेव्हा तर काहीच नाही. वाळू आली नाही की प्लास्टर बंद, विटकाम बंद. त्या दिवशी गेट उघडायचंच नाही. माणसं बाहेर उभी राहायची, कारण मेस्त्री सांगायचा की लॉरी होसकोट्याहून निघालीय, जाऊ नका. दहा-साडेदहापर्यंत थांबून माणसं राहत्या शेडकडे परतायची. मशीनने त्यांचा चेहरा पाहिलेलाच नसायचा, म्हणजे ती आलीच नव्हती. कायद्यात अशा दिवसाबद्दल काय लिहिलंय हे गेटाच्या आत किंवा बाहेर कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. मी शून्य लिहायचो. पहिल्या वर्षी हात अडखळायचा. तिसऱ्या वर्षी मी बत्तीस शून्यं एका दमात, कागदावरून पेन न उचलता काढायला शिकलो होतो. मला काही वाटत नसे. संध्याकाळी पोटभर भात खाऊन झोपायचो.

त्या बत्तिसांत एक अक्का होती. बीदरकडची, औरादच्या बाजूची, पंचेचाळिशीची असेल. नवरा पूर्वीच गेलेला, गावातलं घर दिराने लाटलेलं. ती गवंड्यांना माल कालवून द्यायची. रोज सहाशे रुपये. कंपनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये इतर पाच बायकांबरोबर राहायची. मेस्त्री सोडला तर माझ्याशी मराठीत बोलणारी तिथे तीच एकटी, म्हणून सकाळी मशीनसमोर उभी राहिली की दोन शब्द टाकून जायची. मशीनला तिचा चेहरा लवकर ओळखता यायचा नाही. “रोज बघतंय मेलं, तरी वळख देत न्हाई. सोयऱ्यावानी करतंय,” म्हणायची.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी ती खोक्याच्या खिडकीशी येऊन थांबली.

“रायटर, ह्या म्हैन्यात मला सतरा हजेऱ्या पायजेत.”

“मला काय विचारता अक्का? पावसाला विचारा.”

“इचारत न्हाई, सांगून ठिवतेय.”

मग तिने सांगितलं. तिच्या एकुलत्या एक मुलीला सातवा लागत होता. मुलगी भालकीजवळ दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर सासरच्यांनी निरोप धाडला होता, की माहेर आहे तरी कुठे, असेल तर दिवाळीच्या आत येऊन घेऊन जा, नसेल तर तसं सांगा. शेवटचं वाक्य तिने दोनदा सांगितलं. पत्र्याच्या शेडमध्ये सहा बायकांत बाळंतीण ठेवता येत नाही, आणि कंपनी ठेवूही देत नाही. म्हणून तिने जवळच्या वस्तीत एक खोली पाहिली होती. सिमेंटच्या पत्र्याची, पण दाराला आतून कडी असलेली, नळ दारात. ओनर आंटीने दहा हजार अ‍ॅडव्हान्स आणि पहिल्या महिन्याचं तीन हजार भाडं मागितलं होतं. अक्काकडे सहा हजार साठलेले होते. उरलेले सात हजार पगारातून यायला हवे होते.

पगाराचं गणित असं, की दर रविवारी मेस्त्री आठशे रुपये खर्ची द्यायचा. चार रविवारचे बत्तीसशे महिन्याच्या हिशेबातून कापले जायचे. म्हणजे हातात सात हजार पडायचे तर कमाई दहा हजार दोनशेची हवी. दहा हजार दोनशे भागिले सहाशे, सतरा. अक्का शाळेत गेली नव्हती, पण ही सतराची बेरीज तिने माझ्याआधी केली होती. चार रविवार वगळून त्या महिन्यात कामाचे दिवस सव्वीस होते. सव्विसांत सतरा म्हणजे काही फार नाही, असं तिला वाटलं, मलाही वाटलं.

पहिला आठवडा कोरडा गेला. दुसऱ्या आठवड्यात दुपारचा पाऊस लागला आणि अर्ध्या हजेऱ्या सुरू झाल्या. तिसऱ्यात सकाळीही कोसळला. तीनदा इंजिनिअरने चिठ्ठी दिली, तीनदा दहाच्या आतच पाऊस आल्यामुळे दिली नाही. मग दगड फोडून वाळू काढणाऱ्या कुठल्याशा क्रशरवर काहीतरी भांडण झालं आणि वाळूच्या लॉऱ्या थांबल्या. चार दिवस गेट उघडलं नाही. त्या चारही दिवशी आभाळ इतकं स्वच्छ निळं होतं, की मला त्याचा राग आला. असा राग येणं हीसुद्धा त्या काळात माझ्यासाठी बातमीच होती.

अक्का रोज जाताना खिडकीत डोकवायची. “किती झाल्या?” मी आकडा सांगायचो. ती कानडीत “सरी”, म्हणजे बरं, म्हणायची आणि जायची. एकदाही तिने उसासा टाकला नाही, कपाळाला हात लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, मी नजर चुकवून मोकळा झालो असतो.

महिना संपला. शेवटच्या संध्याकाळी मी मस्टरची बेरीज मारली. अक्काच्या बारा पूर्ण, सात अर्ध्या, सात शून्यं. साडेपंधरा. इतरांचंही साधारण तसंच.

मी त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसलो. दीड हजेरी कमी होती. दीड म्हणजे नऊशे रुपये. आमच्या समोर जे फ्लॅट उठत होते त्यांत पुढे राहायला येणारी माझ्याच वयाची पुण्या-नागपूरची मुलंमुली शनिवारी संध्याकाळी एका टेबलावर तेवढे खर्च करायची, आणि करोत बापडी. मला त्यांचा हेवा नव्हता. मला फक्त एवढंच दिसत होतं, की हातात पेन आहे, अर्ध्याचा एक करायला एक रेघ लागते आणि शून्याचा अर्धा करायला त्याहून थोडं जास्त. चार वर्षांत मी पहिल्यांदाच मस्टरमध्ये स्वतःच्या मनाचं काही लिहिलं. दुपारच्या पावसाच्या दोन दिवशी अर्ध्याचं पूर्ण केलं आणि एका शून्याचं अर्धं केलं. सतरा झाल्या. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की मी खोक्याला कुलूप लावताना शीळ घालत होतो.

ज्या शून्याचं मी अर्धं केलं तो दिवस मी पावसाचा समजलो होतो. सकाळी गेट उघडलं, पाऊस आला, चिठ्ठी मिळाली नाही, अशांतला. अशा दिवशी निदान आत आल्याची वेळ तरी मशीनमध्ये असते, आणि टाइम ऑफिस दोन-चार ठिकाणी कानाडोळा करतं. पण तो दिवस वाळूचा निघाला. त्या दिवशी गेट उघडलंच नव्हतं. बत्तीस शून्यं एका दमात काढायला शिकलेल्या माणसाला पावसाचं शून्य आणि वाळूचं शून्य यांतला फरक आठवला नाही. तारखेखाली एकतीस जण गैरहजर आणि बंद गेटातून आत जाऊन एकटीने अर्धा दिवस काम केलेली अक्का.

पाच तारखेला टाइम ऑफिसने मस्टर आणि मशीन ताडून पाहिलं. टाइम ऑफिसमधल्या माणसाने त्या रकान्यावर लाल गोल केला, मग अक्काची ओळ पूर्ण तपासली आणि आणखी दोन गोल केले. इंजिनिअरने मला आणि मेस्त्रीला बोलावलं. तो ओरडला नाही. मान खाली घालून म्हणाला, की वरून विचारणा झालीय, या माणसाच्या मस्टरवर आता विश्वास कसा ठेवायचा. मी खरं ते सांगितलं. चूक माझी आहे, ती ओळ कापा, बाकी मस्टर खरं आहे. त्याने ऐकून घेतलं. पण टाइम ऑफिसचा निर्णय आधीच झाला होता. मेस्त्रीच्या सगळ्या माणसांचा महिना मशीनप्रमाणे धरायचा, चिठ्ठ्या विचारात घ्यायच्या नाहीत. इंजिनिअरच्या स्वतःच्या सहीच्या तीन चिठ्ठ्या टेबलावर पडल्या होत्या. त्याने त्या माझ्याकडे सरकवल्या. यापुढे मी चिठ्ठी देणार नाही, म्हणाला.

तीन चिठ्ठ्या म्हणजे प्रत्येकाची दीड हजेरी. बत्तीस माणसांची. गवंड्यांचे साडेनऊशेच्या दराने, मदतनिसांचे सहाशेच्या.

गेटाबाहेर आल्यावर मेस्त्री म्हणाला, “दया दाखवायची हुती तर सोताच्या खिशातनं दाखवायची. माझ्या मस्टरातनं कशाला?” करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे माझ्या बाबतीत लहानपणापासून खरं होतं, पण तोवर त्याची किंमत मी एकट्यानेच दिली होती.

अक्काच्या साडेपंधराच्या चौदा झाल्या. चौदा गुणिले सहाशे, आठ हजार चारशे. वजा बत्तीसशे. हातात पाच हजार दोनशे.

दुसऱ्या रविवारी सकाळी पगार वाटला. मेस्त्री नोटा मोजायचा, मी नाव वाचून सही किंवा अंगठा घ्यायचो. बातमी आधीच शेडपर्यंत पोचली होती. कुणाच्या ओळीमुळे हे झालं, तेही. माणसं माझ्याशी भांडली नाहीत. रायपूरकडचा एक गवंडी फक्त म्हणाला, “एकाच बाईचं भलं करायचं होतं तर आम्हाला सांगायचं, वर्गणी काढली असती.” तो चेष्टेने म्हणाला की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही. रांगेत अक्काच्या पुढे-मागे थोडी जागा सुटलेली होती. ती ज्यांच्याबरोबर झोपायची, जेवायची, त्या पाच बायकाही बाजूला बघत होत्या.

तिने पैसे घेतले, मोजले, कमरेच्या पिशवीत ठेवले. अंगठा उठवला. मला वाटलं होतं ती तशीच जाईल. पण रांग संपेपर्यंत ती भिंतीशी उभी राहिली आणि मग खिडकीशी आली.

“मी तुला लिव्ह म्हणले व्हते का?”

“नाही.”

“मग?”

“तुम्हाला सतरा हव्या होत्या अक्का. दीड कमी पडत होती.”

“साडेपंधरा झाल्यात, ते मला बी ठावं व्हतं,” ती म्हणाली. “रोज इचारत व्हते न्हवं तुला? शेवटच्या दिवशीच मी ओनर आंटीकडं जाऊन आल्ते. म्हणलं, नऊशे कमी पडायलेत. ती म्हणली, पुढच्या म्हैन्यात दे. हजारापतूर सूट दिली व्हती तिनं मला. हजारापतूर.”

ज्या संध्याकाळी मी शीळ घालत कुलूप लावत होतो, त्या संध्याकाळी तिचं काम झालेलं होतं. तिला माझी काहीही गरज नव्हती. साडेपंधरा पुरत होत्या.

आता अठराशे कमी होते. मी खिशातून फोन काढला आणि म्हणालो, अठराशे मी देतो, आत्ता, तुमच्या आंटीच्या फोनवर टाकतो. माझ्याकडे होते तेवढे. खरं म्हणजे मी गयावया करत होतो.

तिने रांगेत उभ्या राहिलेल्या, आता इकडेतिकडे पांगलेल्या माणसांकडे पाहिलं.

“आन् ह्यांचं?” ती म्हणाली. “माझ्या नावानं ह्यांची दीड दीड गेली. आता मी तुझ्याकडून भरून घेऊ आन् खोलीत जाऊन ऱ्हाऊ? ह्यांच्यातच काम करायचंय मला, बाबा.”

मी म्हणालो, कुणाला कळणार नाही. म्हणताच लाज वाटली. ती माझ्यावर रागावली नाही. तिचा चेहरा पाहून मला कळलं, की माझ्या चेहऱ्यावर गेली चार वर्षं जे काहीच न वाटणं असायचं, ते आता तिच्या चेहऱ्यावर आलेलं आहे.

खोली त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणीतरी घेतली. सासरी काय निरोप धाडला, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. पण बाकीच्या बायकांच्या बोलण्यातून समजलं, की तिने खरं ते कळवलं. माहेर नाही म्हणून कळवलं.

त्यानंतर मी मस्टर आणि मशीन यांच्यात केसाचाही फरक पडू दिला नाही. टाइम ऑफिसमध्ये माझं कौतुक होऊ लागलं. ऑक्टोबरमध्येही पाऊस झाला. चिठ्ठी आली नाही. मी शून्यं लिहिली, पण आता प्रत्येक शून्य वेगळं काढायचो, पेन उचलून. त्याने कुणाचा काही फायदा झाला नाही.

डिसेंबर उजाडला. आभाळ मोकळं, वाळूच्या लॉऱ्यांची गेटापासून हमरस्त्यापर्यंत रांग. महिनाभर सगळ्यांच्या पूर्ण हजेऱ्या पडत होत्या. मजुराला वर्षातून असे दोन-तीन महिनेच येतात, आणि त्या दिवसांत तापानेही कुणी घरी बसत नाही. अशा एका सकाळी साडेआठला अक्का मशीनसमोर गेली नाही. बाहेरूनच खिडकीशी आली. अंगावर कामाचं लुगडं आणि वरचा शर्ट नव्हता, धुतलेलं नेसलेली होती. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात झबली दिसत होती. विकतची, घडी न मोडलेली.

“मुलगा झाला,” ती म्हणाली. “परवा. सासरीच.”

“बरे आहेत ना दोघं?”

“हायेत. बघून येते. पाव्हणीवानी जायाचं, चार दिस ऱ्हायचं न्हाई. दोन दिस लागतील, येणं-जाणं धरून तीन.”

मी पेन हातात धरून बसलो होतो. तिने ते पाहिलं.

“तीन दिस शून्यच लिव्ह,” ती म्हणाली, आणि बस धरायला निघाली.